पडवी शाकारताना पहिल्या वर्षी एवढं सांभाळा

दादा, पडवी झापांनी शाकारताय, छान. पण पहिली चूक उताराची होते. मंगलोरी कौलांचा उतार गवताला किंवा झापांना पुरत नाही. पाखं साधारण ४५ अंशांत उभं ठेवा, नाहीतर पाणी रेंगाळतं आणि झाप आतून कुजतात.

झापांसाठी माडाच्या झावळ्या मधोमध चिरून काही दिवस पाण्यात भिजवा, मगच विणा. पागोळीकडून आढ्याकडे चढत जा. वरचा झाप खालच्यावर निम्मा तरी यायला हवा. आमच्या गोठ्यावर मी झाप वाचवायला वरचा झाप खालच्यावर चारच बोटं घेतला होता. मृगातच गुरं भिजली! दुपारी आत उभं राहून वर बघा. उजेडाचे ठिपके दिसले की तिथेच गळणार.

शाकारणी दरवर्षी, वैशाखात. गावातली अशी घरं गेली ती यामुळेच: दरसाल झाप, सुंभ, माणसं जमवायची कोणी? पत्रा एकदा टाकला की सुटका.

आग लागली तर छप्पर मिनिटांत जातं. त्याखाली चूल नको, आणि विजेची वायर झापांतून ओवू नका. खांबावरून पाइपातून न्या.