विद्यापीठाचा शॉर्ट कोर्स की सिक्युरिटी प्लस?

प्रश्न: बुटीबोरीच्या एका कारखान्यात सहा वर्षं आयटी सपोर्टला आहे. विंडोज सर्व्हर, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी येतं. सॉक अ‍ॅनालिस्ट व्हायचंय. एका विद्यापीठाचा सहा महिन्यांचा वीकेंड ऑनलाइन कोर्स सव्वा लाखाला आहे. मित्र म्हणतो, ते सोड, कॉम्पटियाची सिक्युरिटी प्लस परीक्षा दे. घरच्यांना विद्यापीठाचं नाव हवंय. काय करू?

उत्तर: तुमच्या जागी मी असते तर सिक्युरिटी प्लस दिली असती. मात्र परीक्षा पास झालात की नोकरी समोर येऊन उभी राहील, असं समजू नका.

सॉक म्हणजे कंपनीच्या यंत्रणेवरच्या हल्ल्यांवर पाळत ठेवणारं पथक. त्याच्या पहिल्या पायरीसाठी माणसं निवडताना मी दोन्ही प्रकारचे कागद पाहते. सिक्युरिटी प्लसचा अर्थ मला लगेच कळतो. ९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न, त्यांत काही प्रत्यक्ष करून दाखवायचे, आणि पास व्हायला १०० ते ९०० च्या मापावर ७५०. अभ्यासक्रम जाहीर आहे आणि निकाल ऑनलाइन पडताळता येतो. शॉर्ट कोर्सचं तसं नसतं. एका ठिकाणी खरंच लॅब आणि परीक्षा असते, दुसरीकडे व्हिडिओ पाहिले की प्रमाणपत्र हातात. वर नाव विद्यापीठाचं, पण शिकवणारी कंपनी बऱ्याचदा वेगळीच असते. म्हणून पैसे भरण्याआधी नमुना प्रमाणपत्र मागा. त्यावर ‘सहभाग’ लिहिलंय की ‘उत्तीर्ण’, श्रेणी आणि क्रेडिट आहेत का, सही कोणाची, लॅबचे तास किती, हे पाहा. समुपदेशक याची उत्तरं टाळू लागला, तर सव्वा लाख वाचले म्हणायचे.

आता मुख्य गोष्ट. मुलाखतीत मी कागद बाजूला ठेवते आणि लॉग पुढे करते. समजा, विंडोजच्या सिक्युरिटी लॉगमध्ये 4625, म्हणजे फसलेलं लॉगिन, एकाच खात्यावर दर काही मिनिटांनी येतंय आणि शेवटी 4740, खातं लॉक. हल्ला आहे का? नुसता पाठ केलेला उमेदवार लगेच ‘ब्रूट फोर्स’ म्हणतो. तुम्ही असा कॉल कितीदा घेतला असेल! काल पासवर्ड बदलला, पण जुना पासवर्ड मोबाइलमध्ये किंवा एखाद्या शेड्यूल्ड टास्कमध्ये तसाच राहिला.

फरक ओळखायचा तर 4625 मधलं Sub Status बघायचं. `0xC000006A` म्हणजे खातं आहे, पासवर्ड चुकला. `0xC0000064` म्हणजे त्या नावाचं खातंच नाही. एकाच यंत्रावरून एकाच खात्यासाठी ठरावीक अंतराने पहिला कोड येत असेल, तर बहुधा जुना पासवर्ड. एकाच पत्त्यावरून अनेक नावं येताहेत आणि त्यांत दुसराही कोड आहे, तर कोणीतरी अंदाजाने नावं ठोकतंय. मग त्याच पत्त्यावरून 4624, म्हणजे यशस्वी लॉगिन, झालं का आणि त्यामागोमाग 4720, नवीन खातं, तयार झालं का, हे पाहायचं. एक खोच लक्षात ठेवा. रिमोट डेस्कटॉपला एनएलए, म्हणजे जोडणी उघडण्याआधीच ओळख तपासणं, चालू असेल तर फसलेल्या प्रयत्नांचा लॉगऑन टाइप रिमोट डेस्कटॉपचा 10 नाही, नेटवर्कचा 3 दिसतो. फक्त 10 शोधणारा माणूस अख्खा हल्ला सोडून देतो.

सिक्युरिटी प्लस तुम्हाला या गोष्टींची नावं आणि चौकट देते, इतक्या खोलात नेत नाही. तेवढं घरी करा. १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स, त्यात विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची चाचणी प्रत आणि एक क्लायंट. मुद्दाम चुकीचे पासवर्ड टाका, लॉग वाचा आणि दीड पानाचा अहवाल लिहा: काय दिसलं, कोणती शक्यता का फेटाळली, पुढे काय करायचं. हे प्रयोग फक्त स्वतःच्या लॅबमध्येच, कारखान्याच्या नेटवर्कवर अजिबात नको. रेझ्युमेत हा अहवाल आणि सपोर्टमधली लॉकआउटची कामं दोन्ही लिहा. ‘तिकिटं सोडवली’ एवढ्यावर भागवू नका.

विद्यापीठाचा कोर्स कोणाला घ्यायला सांगेन? ज्याची फी कंपनी भरते त्याला, किंवा ज्याला ऑडिट आणि धोरणाच्या कामात जायचंय आणि कोर्समध्ये तपासून मिळणारं लिखाण आहे त्याला. ज्याला स्वतःहून अभ्यासाला बसवतच नाही, त्यालाही वेळापत्रकाचा उपयोग होतो, पण त्यासाठी सव्वा लाख फारच झाले बाप्पा.

घरच्यांना दोन गोष्टी आधीच सांगा. हे प्रमाणपत्र तीन वर्षांनी संपतं, त्याआधी सहसा ५० सीईयू, म्हणजे पुढे शिकत राहिल्याचे गुण, जमवून नूतनीकरण करावं लागतं. आणि सॉकची पहिली नोकरी बहुतेक वेळा रात्रपाळीची असते. मिहानमध्ये जागा निघतात, पण पुणे-हैदराबादइतक्या नाहीत, म्हणून अर्ज तिकडेही टाका. परीक्षेची तारीख घेण्याआधी आपल्याला हव्या त्या पदाच्या वीसेक जाहिराती वाचून काढा. त्यांत सिक्युरिटी प्लसऐवजी सीईएच ही एथिकल हॅकिंगची परीक्षा जास्त दिसली, तर मला इथेच लिहा, कारण मग हिशोब थोडा बदलेल.