बक्षीसपत्रातली दोन वाक्यं: ‘केव्हाही रद्द’ आणि ‘कब्जा दिला’

> बाबा (७४) पुण्यातला राहता फ्लॅट बक्षीसपत्राने माझ्या नावे करत आहेत. मसुद्यात कलम ५ मध्ये ‘प्रत्यक्ष कब्जा आज रोजी दिला आहे’ आणि कलम ८ मध्ये ‘लिहून देणार यांस हे बक्षीसपत्र केव्हाही रद्द करण्याचा अधिकार राहील’ असं आहे. बाबा तिथेच राहणार आहेत. आई नाही, भाऊ परदेशात असतो. सही करावी का?

या मसुद्यावर सही करू नका. दोन्ही वाक्यं बदलून घ्या. मी बरीच वर्षं दस्त लिहिण्याच्या कामात आहे आणि या दोन वाक्यांमुळे पस्तावलेली घरं पाहिली आहेत.

आधी कलम ८. बाबांच्या काळजीपोटीच ते कुणीतरी घातलं असणार. पण मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १२६ प्रमाणे देणाऱ्याच्या नुसत्या मर्जीवर परत घेता येणारं बक्षीस मुळातच रद्दबातल असतं. त्या कलमाखाली कायद्यानेच दिलेलं एक उदाहरण आहे. एकाने दुसऱ्याला एक लाख रुपये दिले आणि त्यातले दहा हजार वाटेल तेव्हा परत घ्यायचा हक्क राखला. तिथे नव्वद हजारांचं बक्षीस टिकतं, दहा हजारांचं टिकत नाही, ते देणाऱ्याचेच राहतात. तुमच्या मसुद्यात तर अख्खा फ्लॅटच ‘केव्हाही’ परत घेता येतो.

याचा फटका आज बसणार नाही. नोंदणी होईल, सोसायटी शेअर सर्टिफिकेटवर तुमचं नाव चढवेल, सगळं सुरळीत वाटेल. बाबांच्या पश्चात भावाने किंवा त्याच्या वारसांनी हे कलम न्यायालयासमोर ठेवलं, की प्रश्न उभा राहील. बक्षीसच झालं नव्हतं असं ठरलं तर फ्लॅट बाबांच्या नावावरच होता असं धरलं जाईल, आणि मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याने तो तुम्हा दोघांत निम्मा-निम्मा होईल. बाबांची इच्छा त्यांच्याच दस्तातल्या एका ओळीने मोडेल.

मग बाबांना संरक्षण नकोच का? हवंच, आणि भक्कम हवं. कलम १२६ रद्द करण्याची अट चालवून घेतं, पण ती घटना देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून नसावी आणि दोघांनी मिळून ठरवलेली असावी. ‘मुलीने सांभाळ केला नाही तर’ ही अट चालते, कारण सांभाळ करणं तुमच्या हातात आहे. ‘बाबांच्या मते सांभाळ नीट होत नसेल तर’ असं लिहिलं, की ते पुन्हा त्यांच्या मर्जीवर येतं. हा फरक मसुदा करणाऱ्यांच्याही नजरेतून निसटतो, म्हणून ते वाक्य दोनदा वाचा.

याला जोड आहे ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याची. त्याच्या कलम २३ प्रमाणे, मूलभूत सोयी व गरजा पुरवण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं. इथे ‘अटीवर’ हा शब्द महत्त्वाचा. पुष्कळ दस्तांत नुसतं ‘प्रेम व जिव्हाळ्यापोटी’ एवढंच असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात सांगितलं की अशी अट होती हे दिसलं पाहिजे, नुसत्या प्रेमापोटी दिलं म्हणून ती आपोआप धरता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित प्रकरणात न्यायालयाने कायदा उदारपणे वाचला आणि आईला मिळकत परत मिळाली. पण तिथे सांभाळ करण्याचं मुलाने लिहून दिलेलं वचनपत्र होतं. त्या उदारपणाच्या भरवशावर दस्त मोघम ठेवू नका.

मी असं लिहीन:

‘हे बक्षीस या अटीवर दिले आहे की लिहून घेणार यांनी लिहून देणार यांच्या अन्न, निवारा, औषधोपचार व दैनंदिन गरजांची सोय त्यांच्या हयातीत करावी. तसे न केल्यास लिहून देणार यांना सक्षम न्यायाधिकरण वा न्यायालयामार्फत हे बक्षीसपत्र रद्द करून घेता येईल.’

‘मार्फत’ मुद्दाम घातलंय. बाबांनी एकट्यानेच निबंधक कार्यालयात जाऊन रद्दलेख करून दिला म्हणून नोंदलेलं बक्षीस संपत नाही.

आता कलम ५. माझ्या मामांच्या दस्तात हेच वाक्य होतं. मामा त्याच घरात राहत होते, वीजबिल त्यांच्या नावावर, देव्हारा त्यांचा. पण दस्तावर त्यांच्याच सहीने ‘प्रत्यक्ष, निर्वेध कब्जा दिला’ असं छापलेलं. पुढे मुलाने घर भाड्याने द्यायचं काढलं तेव्हा मामा कागद घेऊन माझ्याकडे आले. पाचव्या पानावरच्या त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, ‘मी कधी दिला रे कब्जा?’ त्या वाक्याने ते आपल्याच घरात मुलाच्या परवानगीने राहणारे ठरत होते, आणि वेगळं सांगणारा एकही कागद त्यांच्याकडे नव्हता.

ते खोटं वाक्य घालायची गरजही नसते. स्थावर मिळकतीच्या बक्षिसाला नोंदणी, किमान दोन साक्षीदार आणि देणाऱ्याच्या हयातीत घेणाऱ्याचा स्वीकार एवढं लागतं. ताबा दिलाच पाहिजे असं नाही. रेणिकुंतला राजम्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हे स्पष्ट केलं आणि हयातीतला वापराचा हक्क राखला तरी बक्षीस टिकतं असंही सांगितलं. (मुस्लीम कुटुंबातल्या हिबाचे नियम वेगळे, तिथे ताबा देणं महत्त्वाचं असतं.) म्हणून कलम ५ असं असावं:

‘फ्लॅटची मालकी आज रोजी लिहून घेणार यांच्याकडे गेली आहे. मात्र लिहून देणार यांना हयात असेतोवर तेथे विनामोबदला राहण्याचा हक्क राहील व त्या हक्काने ताबा त्यांच्याकडेच राहील. फ्लॅट विकला वा गहाण ठेवला तरी हा हक्क अबाधित राहील.’

पहिल्या वाक्यातलं ‘आज रोजी’ सोडू नका. ‘माझ्या पश्चात मालकी जाईल’ असं लिहिलं तर कागदाचं नाव बक्षीसपत्र असलं तरी न्यायालय तो मृत्युपत्र म्हणून वाचू शकतं, आणि मृत्युपत्र बाबा कधीही बदलू शकतात.

स्वीकाराचं वाक्य मसुद्यात आहे का तेही पाहा. ‘वरील अटींसह बक्षीस स्वीकारले आहे’ असं लिहून तुम्ही सही करा. ‘अटींसह’ असल्यामुळे रद्द करण्याची अट दोघांनी मिळून ठरवली हे त्याच पानावर दिसतं.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. फ्लॅट खरेदी करताना आईचंही नाव होतं का? असेल तर तिचा हिस्सा, तिचं मृत्युपत्र नसल्यास, बाबा, तुम्ही आणि भाऊ अशा तिघांकडे गेला आहे. तो हिस्सा एकटे बाबा बक्षीस देऊ शकत नाहीत. सोसायटीत बाबा नॉमिनी होते, एवढ्याने ते मालक होत नाहीत. मूळ करारनामा काढून बघा आणि इथे लिहा. दोन नावं असतील तर भावाकडून आधी हक्कसोडपत्र घ्यावं लागेल, आणि मग सगळा मसुदाच नव्याने करावा लागेल.