लाइकलिहुड, इम्पॅक्ट, मिटिगेशन : जोखमीच्या तक्त्याला मराठी मथळे कोणते द्यावेत?

प्रश्न : आमची दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्ष उत्पादकांची कंपनी आहे. संचालक मंडळापुढे मांडलेल्या रिस्कच्या स्लाइड्सवरून मला मराठीत रिस्क रजिस्टर तयार करायचे आहे, कारण बहुतेक संचालक बागायतदार आहेत. मी लाइकलिहुडला 'संभाव्यता', इम्पॅक्टला 'प्रभाव' आणि मिटिगेशनला 'निवारण' लिहिले. एका संचालकांनी 'निवारण' या शब्दाला हरकत घेतली. बरोबर शब्द कोणते? नमुना म्हणून एक स्लाइड देते : 'युरोप – रेसिड्यू रिस्क – हाय. मिटिगेशन : ट्रेनिंग, टेस्टिंग, क्रॉप कॅलेंडर.'

उत्तर : संचालकांची हरकत योग्य आहे. निवारण म्हणजे एखादी गोष्ट नाहीशी करणे. तक्रारीचे निवारण झाले म्हणजे तक्रार उरली नाही. मिटिगेशनमध्ये जोखीम उरतेच, फक्त कमी होते. मथळ्यावर 'निवारण' असले की भरणाऱ्याच्या हातून आपोआप 'प्रशिक्षण दिले' असे लिहिले जाते आणि वाचणाऱ्याला प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. शासकीय कागदांत 'शमन' भेटतो, पण अग्निशमनाची सवय असलेल्या कानाला तोही विझवून टाकल्यासारखाच ऐकू येतो. तुमच्या तक्त्यात मी साधा 'उपाय' घेईन आणि त्याचे दोन रकाने करीन : 'आज चालू असलेले उपाय' आणि 'करायचे उपाय'. दुसऱ्या रकान्यासमोर व्यक्तीचे नाव आणि तारीख हवीच. हे दोन रकाने का लागतात, ते तुमच्या स्लाइडवरूनच पुढे दाखवतो.

'संभाव्यता' चुकीचा शब्द नाही, पण तो गणिताचा आहे. दहावीच्या गणितात त्या नावाचे प्रकरणच आहे, आणि तिथे उत्तर शून्य ते एक यांच्यामधली मोजलेली संख्या असते. तुमच्या रजिस्टरमध्ये असे काही मोजले जाणार नाही, चार अनुभवी माणसे बसून अंदाज बांधतील. त्याला आपण 'शक्यता' म्हणतो. ही अडचण फक्त मराठीची नाही. आयएसओ ३१००० या जोखीम व्यवस्थापनाच्या मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीत टीपच आहे की लाइकलिहुडला काही भाषांत थेट प्रतिशब्द नाही, म्हणून तिथे प्रोबॅबिलिटीचा प्रतिशब्द वापरला जातो. आपल्याकडे मात्र दोन्ही शब्द आहेत आणि त्यांतला फरक बोलण्यातही जिवंत आहे. शिवाय 'शक्यता' या शब्दाबरोबर श्रेणी तयारच येते : क्वचित, कमी, बऱ्यापैकी, दाट, जवळजवळ ठरलेली. या पाच शब्दांना १ ते ५ आकडे द्या आणि प्रत्येकासमोर हंगामांत अर्थ लिहा, उदाहरणार्थ 'क्वचित' म्हणजे दहा हंगामांत एकदा किंवा त्याहूनही कमी. कालावधी न सांगता लिहिलेल्या शक्यतेला अर्थ नसतो. अवकाळी पाऊस या हंगामात होईल का आणि पुढच्या पाच वर्षांत होईल का, या दोन प्रश्नांची उत्तरे वेगळी आहेत.

'प्रभाव' बदलायला हवा. प्रभाव बहुधा चांगल्या अर्थाने पडतो, वक्त्याचा किंवा शिक्षकाचा. इथे 'परिणाम' नेमका बसतो. काय होईल ते 'परिणाम' या रकान्यात शब्दांत लिहा आणि किती मोठे होईल त्यासाठी 'तीव्रता' असा आकड्याचा वेगळा रकाना करा. तीव्रतेचे मापही कंपनीच्या व्यवहारातून घ्यावे. समजा, ३ म्हणजे एका कंटेनरचे पैसे लांबणे, ४ म्हणजे ते पैसे बुडणे, आणि ५ म्हणजे खरेदीदाराने उरलेला हंगाम माल न घेणे. बागायतदार संचालकाला हे माप लगेच कळते. 'मध्यम' आणि 'गंभीर' यांवर मात्र तो तासभर वाद घालू शकतो.

आता तुमची स्लाइड. 'रेसिड्यू रिस्क' या दोन शब्दांत कारण, घटना आणि परिणाम एकत्र बांधलेले आहेत. रजिस्टरमध्ये ते सोडवावे लागतात, कारण शक्यता घटनेची असते, तीव्रता परिणामाची असते आणि चांगला उपाय बहुतेक वेळा कारणावर चालतो. मराठीत यासाठी एक साचा वापरून पाहा : 'अमुकमुळे तमुक घडू शकते आणि तसे झाले तर ढमुक होईल.' तुमची ओळ अशी होईल : 'काही सभासद फवारणीची नोंद उशिरा करतात आणि औषध व काढणी यांमधला ठरलेला कालावधी पाळला गेला की नाही हे कंपनीला वेळेत कळत नाही, यामुळे युरोपात पोहोचलेल्या मालात एखाद्या औषधाचा अंश एमआरएल या ठरलेल्या कमाल मर्यादेपेक्षा जास्त निघू शकतो, तसे झाले तर कंटेनर अडकेल, खरेदीदार पुढचा माल थांबवेल आणि सभासदांचे पैसे लांबतील.' वाक्य लांब आहे, पण यातला कुठलाही तुकडा गाळता येत नाही. स्लाइडवर कारण दिलेले नाही, म्हणून ते तुम्ही मनाने घालू नका. स्लाइड कोणी केली त्यांना विचारा, आणि उत्तर येईपर्यंत त्या जागी 'स्लाइडवर नाही' असे स्पष्ट लिहा. माझ्या वाक्यातले कारणही फक्त नमुना आहे. स्लाइडचा क्रमांक देणारा रकाना ठेवलात तर पुढे कोणी 'हे कुठून आले' विचारल्यास शोधावे लागणार नाही.

नंतर 'हाय'. हा शेरा उपाय धरून आहे की उपायांआधीचा? स्लाइडवर ते कळत नाही आणि सारांश करणाऱ्यांची गल्लत सर्वांत जास्त इथेच होते. समजा, काहीच उपाय नसता तर शक्यता ४ आणि तीव्रता ५ ठरली, म्हणजे गुण २०. ही 'मूळ जोखीम'. आजचे प्रशिक्षण, काढणीपूर्व तपासणी आणि फवारणीचे वेळापत्रक धरून शक्यता २ वर आली, तर गुण १०. ही 'उरलेली जोखीम'. मंडळाने सादरीकरणात २० चा लाल चौकोन पाहिला असेल आणि तुम्ही रजिस्टरमध्ये नुसते १० लिहिले, तर जोखीम कोणी कमी करून दाखवली असा प्रश्न येणारच. म्हणून दोन्ही आकडे लिहा. 'आज चालू असलेले उपाय' हा रकाना या दोन आकड्यांमधला फरक समजावून सांगतो. 'करायचे उपाय' हा रकाना १० वरून आणखी खाली कसे जायचे ते सांगतो. दोन्ही रकाने एक केले की न झालेले कामही आकड्यात धरले जाते.

वरच्या उदाहरणात तीव्रता ५ वरच राहिली, हेही पाहा. ट्रेनिंग, टेस्टिंग आणि क्रॉप कॅलेंडर हे तिन्ही उपाय घटना टाळण्याचे आहेत. घटना घडलीच, तर कंटेनर तितकाच अडकेल. तीव्रता कमी करायची तर उपाय वेगळ्या जातीचा लागतो, जसे माल एकाहून जास्त खरेदीदारांत किंवा देशांत वाटणे. एखाद्या रजिस्टरमध्ये प्रशिक्षणानंतर तीव्रता ५ वरून ३ झालेली दिसली, तर ती ओळ परत पाठवावी. गारपिटीचा विमा नेमका उलट चालतो. विम्याने गारपिटीची शक्यता तसूभरही कमी होत नाही, कमी होते ते पैशाचे नुकसान.

'टेस्टिंग' या शब्दापाशी थोडे थांबावे असे मला वाटते, कारण नाशिकने त्याची किंमत मोजली आहे. २०१० मध्ये भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडले ते क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे, ज्याला आपल्याकडे सीसीसी किंवा लिहोसिन म्हणतात. वेलीची वाढ रोखण्यासाठी ते वापरात होते, पण इथल्या तपासणीच्या यादीत त्याचा समावेश नव्हता. माल तपासून गेला होता, तरी अडला. म्हणून उपायाच्या रकान्यात 'टेस्टिंग' इतकेच लिहून भागत नाही. 'खरेदीदार देशाच्या मर्यादा आणि आपल्या सभासदांनी प्रत्यक्ष वापरलेली औषधे प्रयोगशाळेच्या यादीशी ऑक्टोबर छाटणीआधी ताडून पाहणे', आणि त्यासमोर एका माणसाचे नाव, इतके तरी हवे. 'लक्ष ठेवून आहोत' हा उपाय होत नाही. काय दिसले तर काय करणार, हे सोबत लिहिले तरच त्याला उपाय म्हणता येईल.

सादरीकरणात लाल समुद्रावरही स्लाइड असेल, असा माझा अंदाज आहे. २०२३ च्या अखेरीपासून अनेक जहाज कंपन्यांनी तो मार्ग सोडून आफ्रिकेला वळसा घातला. तुमचा माल लांबच्या वाटेने जात असेल, तर 'प्रवास लांबला' ही जोखीम नाही, घडून गेलेली गोष्ट आहे. तिला शक्यतेचा आकडा देता येत नाही. ती 'चालू अडचणी' या वेगळ्या यादीत घाला. रजिस्टरमध्ये जाईल ते तिच्यापोटी येणारे अनिश्चित : वाटेत आणखी विलंब झाला तर मण्यांचा टिकाऊपणा संपून माल कमी भावाने जाऊ शकतो. स्लाइडवरचे वाक्य भूतकाळात आहे की 'शकते'मध्ये, एवढे पाहिले तरी ही निवड बरीचशी होते.

गुणाकाराबद्दल एक सावधगिरी. २ गुणिले ५ आणि ५ गुणिले २, दोन्ही १० च. पहिली तुमची रेसिड्यूची ओळ, दुसरी काढणीच्या वेळी मजूर कमी पडण्याची असू शकते. एकीत हंगाम जातो, दुसरीत दरवर्षी थोडी ओढाताण होते. त्यांच्याकडे एकाच नजरेने पाहता येत नाही, म्हणून गुणाच्या रकान्याशेजारी शक्यता आणि तीव्रता दोन्ही दिसत राहू द्या, आणि क्रम लावताना तीव्रता ५ असलेल्या ओळी वर घ्या.

राहिला शीर्षकाचा शब्द. 'धोका' नको, 'जोखीम' घ्या. धोका वळणावर असतो, पुलावर असतो, तो कोणाचा नसतो. जोखीम मात्र कोणाच्या तरी अंगावर असते, कोणीतरी ती पत्करलेली असते, आणि म्हणूनच तक्त्यात 'जबाबदार व्यक्ती' हा रकाना तिच्याशी सहज जुळतो. शब्द स्त्रीलिंगी आहे. सामान्यरूप 'जोखमी', अनेकवचनही 'जोखमी'. त्यामुळे 'जोखीमची नोंदवही' नाही, 'जोखमींची नोंदवही' असे लिहा. समास करायचा तर 'जोखीम नोंदवही' चालेल.