डच शाळेचं पोर्टल: आजारपण, रजा आणि पैसे

नेदरलँड्समधल्या मराठी पालकांची पत्रं गेली काही वर्षं माझ्याकडे येतात. शाळा कुठलीही असो, फोनवर Parro असो की Social Schools, गोंधळ ठरलेल्या जागीच होतो: आजारपण आणि रजा एकच समजली जाते, आणि जिथे Betalen हे बटण दिसतं तिथे पैसे भरणं सक्तीचंच आहे असं धरून चाललं जातं. म्हणून या वेळी प्राथमिक शाळांबद्दलचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. प्रत्येक शाळेचे बारीकसारीक नियम तिच्या schoolgids या माहितीपुस्तिकेत असतात. ती शाळेच्या संकेतस्थळावर मिळते. माझं उत्तर आणि ती पुस्तिका यांत फरक दिसला तर शाळेच्या कार्यालयात विचारा.

सकाळी मुलाला ताप होता. पोर्टलवर Ziek टाकलं. फोनही करायला हवा का? (आम्स्टेलव्हेन)

शाळा भरण्याआधी टाकलं असेल तर बहुतेक शाळांत गरज नाही.

आजाराची नोंद करताना खाली Toelichting असा रकाना येतो. तिथे काय झालंय ते सगळं लिहावं लागतं का? (उत्रेख्त)

नाही. मूल आजारी आहे आणि अंदाजे कधी येईल, एवढं शाळेला पुरतं. आजाराचं नाव सांगणं तुमच्या मर्जीवर आहे. मात्र कांजिण्यांसारखा पसरणारा आजार असेल तर बाईंना जरूर कळवा. वर्गात कुणी गरोदर असू शकतं, कुणाची प्रतिकारशक्ती कमी असू शकते. मूल शाळेत कधी पाठवायचं याबद्दल शंका असेल तर घरच्या डॉक्टरांना विचारा.

जानेवारीत माझ्या धाकट्या भावाचं पुण्यात लग्न आहे. दोन आठवड्यांची तिकिटं काढून झाली. मुलगा आठ वर्षांचा आहे. ग्रुपवर सगळे म्हणतात, Ziek टाका, कुणी विचारत नाही. Verlof टाकलं तर नाकारतील अशी भीती वाटते. (आइंडहोव्हन)

ग्रुपवरचा हा सल्ला मला दर हिवाळ्यात ऐकवला जातो, आणि तो देणाऱ्यांपैकी कुणीही नंतर तुमच्याबरोबर शाळेत येऊन बसत नाही. Ziek ही नोंद म्हणजे तुम्ही शाळेला दिलेलं निवेदन आहे. ते खोटं असेल तर गैरहजेरी विनापरवाना ठरते, वर शाळेचा विश्वास जातो तो वेगळाच. आठ वर्षांचं मूल परत आल्यावर वर्गात मामाच्या वरातीबद्दल बोलणारच. शाळेला संशय आला तर प्रकरण पालिकेच्या leerplichtambtenaar कडे जातं. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा पाळला जातो की नाही हे बघणारा हा अधिकारी. तो पालकांना बोलावून घेतो, गुन्ह्याचा अहवाल करू शकतो आणि त्यातून दंड होऊ शकतो. सुट्टीला लागून आलेलं ‘आजारपण’ तर शाळा मुळातच बारकाईने बघते.

आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही की तुमच्याकडे रजेचं खरं कारण आहे, तरी तुम्ही खोटं सांगायला निघाला आहात. जवळच्या नातलगाचं लग्न हे कायद्यातल्या ‘महत्त्वाच्या परिस्थिती’त बसतं. पोर्टलवर किंवा अर्जावर ते gewichtige omstandigheden असं दिसेल. १० शाळेच्या दिवसांपर्यंतच्या अशा रजेचा निर्णय मुख्याध्यापक घेतात. त्याहून जास्त मागितली तर निर्णय पालिकेच्या अधिकाऱ्याकडे जातो.

आता तुमचाच अर्ज करून बघू. पहिली गोष्ट नात्याची. पालिकांच्या मार्गदर्शक सूचनांत साधारणपणे तिसऱ्या पायरीपर्यंतच्या नातेवाइकांचं लग्न धरतात, आणि पायऱ्या मुलापासून मोजायच्या असतात. मुलगा ते आई एक, आई ते आजी-आजोबा दोन, तिथून मामा तीन. मामा बसतो. काका, आत्या, मावशी हेही बसतात. पण मामेभाऊ किंवा चुलतबहीण चौथ्या पायरीवर जाते, आणि आपल्याकडे ती सख्ख्या बहिणीसारखी असली तरी इथल्या मोजणीत बाहेर पडते. अनेक अर्ज इथेच अडकतात, कारण पालक नुसतं ‘family wedding’ लिहून मोकळे होतात.

दुसरी गोष्ट दिवसांची. लग्न परदेशात असेल तर याच सूचनांत साधारण पाच शाळेच्या दिवसांची कमाल मर्यादा असते. तुम्ही दोन आठवडे म्हणता, म्हणजे शाळेचे दहा दिवस. मुख्याध्यापकांना १० दिवसांपर्यंतचा अधिकार आहे याचा अर्थ दहा दिवस मिळतात असा नाही, तर निर्णय कोणी घ्यायचा एवढाच. लग्न शुक्रवारी असेल तर आदल्या शनिवारी निघा, सोमवार ते शुक्रवार रजा मागा आणि रविवारी परत या. उरलेला आठवडा नातेवाइकांना भेटण्यासाठी आहे, आणि मूळ देशातल्या नातेवाइकांची भेट हे कारण सूचनांत स्पष्टपणे नाकारलेलं आहे. ‘तिकिटं आधीच काढली’ आणि ‘त्या दिवसांत तिकीट स्वस्त होतं’ ही कारणंही त्याच यादीत आहेत. म्हणून तिकिटाचा उल्लेख अर्जात करूच नका. त्याने अर्ज बळकट होत नाही, उलट शाळेला न विचारता ठरवलं हे दिसतं.

Verlof aanvragen उघडा. कारणाच्या रकान्यात एकच स्पष्ट वाक्य पुरे:

```
Huwelijk van de broer van de moeder (derde graad) in Pune, India.
```

सोबत लग्नपत्रिका जोडा. ती मराठीत असेल तर नावं, तारीख आणि ठिकाण यांचं डचमध्ये किंवा इंग्रजीत भाषांतर खाली लिहा. वराचं तुमच्याशी काय नातं आहे ते एका ओळीत द्या. अर्ज आठ आठवडे आधी गेला तर उत्तम. त्यापेक्षा कमी दिवस उरले असतील तर आज रात्रीच पाठवा.

नंतर पोर्टलकडे लक्ष ठेवा. In behandeling म्हणजे अजून विचार चालू आहे. कित्येक पालक हा शब्द बघून निश्चिंत होतात आणि विमानात बसतात. मंजुरी म्हणजे Goedgekeurd किंवा मुख्याध्यापकांचं लेखी उत्तर. Afgewezen आलं तर लेखी कारण मागा. निर्णयाविरुद्ध सहा आठवड्यांत हरकत घेता येते, पण तुमचं लग्न त्याआधी होऊन जाईल. म्हणून अर्ज करण्याआधी मुख्याध्यापकांशी दहा मिनिटं बोला. उरलेल्या पाच दिवसांसाठी मात्र तिकीट बदला किंवा नवरा-बायकोंपैकी एकाने मुलाला घेऊन लवकर परत या.

मूल तिथे खरंच आजारी पडलं आणि परत यायला उशीर झाला, तर त्याच दिवशी शाळेला कळवा, डॉक्टरांकडून तारखांसह लेखी घ्या आणि परतल्यावर ते शाळेत द्या.

दिवाळीला मुलीला घरी ठेवायचं आहे. त्यासाठीही मुख्याध्यापकांची परवानगी लागते का? (डेन हाग)

धार्मिक कर्तव्यासाठीच्या गैरहजेरीत परवानगी मागायची नसते, आधी कळवायचं असतं, आणि तेही निदान दोन दिवस आधी. दिवाळी आणि होळी बऱ्याच पालिकांच्या यादीत आहेत, प्रत्येकी एक दिवस. तुमच्या शहरात सुरिनामहून आलेला हिंदू समाज मोठा आहे, त्यामुळे शाळेला हे सण परके नाहीत. धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंतचे सगळे दिवस मात्र मिळणार नाहीत. गणेश चतुर्थीसाठी आधी मुख्याध्यापकांशी बोला.

मुलगी मार्चमध्ये चार वर्षांची झाली आणि शाळेत जाऊ लागली. तिलाही हे नियम लागू आहेत का? (आल्मेर)

अजून नाहीत. पाचवा वाढदिवस झाला की पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून लागू होतात. पण ती येणार नसेल तेव्हा कळवत राहा.

कंपनी मला फक्त मार्चमध्ये रजा देते, तसं पत्रही दिलंय. मग मुलांनाही रजा मिळेल ना? (उत्रेख्त)

बहुधा नाही. कामाचं स्वरूपच असं असावं लागतं की कोणत्याच शालेय सुट्टीत तुम्हाला कुटुंबासह जाता येत नाही. हंगामी शेती किंवा सुट्ट्यांच्या काळातच चालणारा धंदा, अशी उदाहरणं धरतात. प्रकल्पाचं वेळापत्रक त्यात बसत नाही. बसलं तरी वर्षातून एकदाच, जास्तीत जास्त १० शाळेचे दिवस, आणि शाळा सुरू झाल्यावरचे पहिले दोन आठवडे सोडून.

पोर्टलवर ६० युरो Openstaand दिसतात. दोन स्मरणपत्रं आली. फी भरली नाही तर मुलगी सहलीला जाणार नाही का? यंदा नवऱ्याची नोकरी गेली आहे. (झूटरमेर)

सरकारी निधीवर चालणाऱ्या प्राथमिक शाळेत शिकवण्याची फी नसते. आधी त्या ओळीतला Omschrijving हा रकाना वाचा. तिथे Vrijwillige ouderbijdrage असेल तर ती ऐच्छिक देणगी आहे. १ ऑगस्ट २०२१ पासून कायदा स्पष्ट आहे: ही रक्कम भरली नाही म्हणून शाळेने आयोजित केलेल्या कोणत्याही कार्यक्रमातून मुलाला वगळता येत नाही. सहल, सिंटरक्लास, खेळाचा दिवस, सगळं त्यात आलं. स्मरणपत्रात ‘ऐच्छिक’ हा शब्द शोधावा लागत असेल तर ती शाळेची चूक आहे, तुमची नाही. ही रक्कम पालक प्रतिनिधींच्या संमतीनेच ठरते. ते प्रतिनिधी medezeggenschapsraad मध्ये बसतात, त्यांची नावं पुस्तिकेत सापडतील.

मुख्याध्यापकांना दोन ओळी लिहा की यंदा ही रक्कम देणं शक्य नाही. कारण सांगायची गरज नाही. मुलीला वगळण्याची भाषा झाली तर आधी या पालक प्रतिनिधींशी बोला, मग शाळेच्या तक्रार व्यवस्थेकडे जा.

एक सावधगिरी. त्याच यादीत कधी दुपारच्या डब्याच्या वेळेतल्या देखरेखीचे पैसे असतात, म्हणजे Overblijf किंवा TSO. ती सेवा तुम्ही मागून घेतलेली असते, तिचे पैसे ऐच्छिक देणगीत मोडत नाहीत. शाळा सुटल्यानंतरची BSO तर वेगळ्या संस्थेशी केलेला करार असतो, आणि पात्र असाल तर त्यावर सरकारी भत्ता मिळतो. नोकरी गेल्यावर तो भत्ता बदलतो, म्हणून Dienst Toeslagen ला लगेच कळवा. नाहीतर नंतर पैसे परत करावे लागतात.

आज रात्रीपर्यंत सहलीचे पैसे भरा, अशी iDEAL ची लिंक मेलवर आली. भरू का? (रॉटरडॅम)

मेलमधून नको. स्वतः पोर्टल उघडा. तिथे ती रक्कम नसेल तर उद्या कार्यालयात विचारा.

ओळखीचे एक गृहस्थ पैसे घेऊन रजेचा अर्ज भरून देतात. पोर्टलचा पासवर्ड मागतायत. द्यावा का? (आम्स्टेलव्हेन)

अजिबात नाही. त्या पासवर्डने तुमच्या मुलाचे फोटो, बाईंचे निरोप आणि गैरहजेरीचा सगळा इतिहास उघडतो. दिला असेल तर आत्ताच बदला आणि शाळेला सांगा. DigiD तर कुणाच्याही हातात द्यायचं नाही. अर्जाला पैसे पडत नाहीत आणि ‘हमखास मंजुरी’ विकणारा खोटं बोलतो आहे, कारण निर्णय मुख्याध्यापकांचा असतो. डच येत नसेल तर अर्ज इंग्रजीत लिहा, छापील प्रत आणि पत्रिका घेऊन शाळा सुटण्याच्या वेळी कार्यालयात जा आणि त्यांच्यासमोर पोर्टलवर भरा.