n/2 कुठून येतो: डिराकच्या प्रमेयातल्या लाल-निळ्या खुणा

"डिराकचं प्रमेय वाचलं: n शिरोबिंदू, प्रत्येकाची डिग्री किमान n/2, की हॅमिल्टन चक्र असणारच. पण हा n/2 येतो कुठून? ७ बिंदू असतील तर डिग्री ३ चालेल का? आणि एखाद्याच बिंदूची डिग्री कमी पडली तर सगळंच फुकट जातं का?"

डिग्री म्हणजे बिंदूला लागलेल्या कडांची संख्या, आणि हॅमिल्टन चक्र म्हणजे ग्राफच्या प्रत्येक बिंदूतून एकदाच जाऊन सुरुवातीला परत येणारी फेरी. ३ चालणार नाही, ४ हवी. एखाद्याच बिंदूची कमी असेल तर बऱ्याचदा निभावतं. ही दोन्ही उत्तरं सिद्धतेतल्या एकाच हिशेबातून निघतात, म्हणून आधी तो हिशेब कागदावर करू. बिंदू किमान ३ आहेत, दोन बिंदूंमध्ये एकाहून जास्त कडा नाहीत आणि कोणतीही कड स्वतःच्याच बिंदूकडे परत येत नाही, हे गृहीत धरतो.

ग्राफमधला, कोणताही बिंदू दुसऱ्यांदा न घेणारा, सगळ्यात लांब मार्ग घ्या. त्याच्या दोन्ही टोकांचे सगळे शेजारी मार्गावरच असतात, कारण बाहेर एखादा शेजारी असता तर त्याला जोडून मार्ग आणखी लांबवता आला असता. आता मार्गाच्या कडांवर खुणा करा. पहिल्या टोकाचा जो जो शेजारी असेल, त्याच्या अलीकडच्या कडेवर लाल खूण. शेवटच्या टोकाचा जो जो शेजारी असेल, त्याच्या पलीकडच्या कडेवर निळी खूण. म्हणजे लाल खुणा पहिल्या टोकाच्या डिग्रीइतक्या आणि निळ्या दुसऱ्याच्या डिग्रीइतक्या.

प्रत्येक डिग्री किमान n/2 असेल तर एकूण खुणा किमान n होतात. मार्गात बिंदू जास्तीत जास्त n, म्हणून कडा जास्तीत जास्त n-1. खुणा कडांपेक्षा जास्त झाल्या, तेव्हा कुठल्या तरी एका कडेवर लाल आणि निळी दोन्ही येणारच. ती कड तोडायची आणि तिच्या बदल्यात टोकांकडून आलेल्या दोन कडा वापरायच्या, की मार्गावरच्या सगळ्या बिंदूंचं चक्र तयार.

हे प्रत्यक्ष करून बघा. अबक आणि डइफ हे दोन त्रिकोण घ्या आणि अ–ड, ब–इ, क–फ या कडांनी ते जोडा. ६ बिंदू, प्रत्येकाची डिग्री ३, म्हणजे अगदी काठावर. मार्ग घेऊ अ–ब–क–फ–ड–इ. टोकं अ आणि इ, आणि ती एकमेकांना जोडलेली नाहीत, त्यामुळे चक्र सरळ बंद होत नाही. अ चे शेजारी ब, क, ड, म्हणून लाल खुणा अब, बक आणि फड वर. इ चे शेजारी ब, फ, ड, म्हणून निळ्या खुणा बक, फड आणि डइ वर. बक वर दोन्ही आल्या. बक तोडा, अ–क आणि ब–इ घ्या: अ–ब–इ–ड–फ–क–अ. झालं चक्र. फड तोडलीत तर दुसरं मिळेल, तेही काढून पाहा.

राहिला एक मुद्दा: चक्रात सगळे बिंदू आले कशावरून? इथे n/2 दुसऱ्यांदा कामाला येतो. ग्राफचे तुकडे असते, तर सगळ्यात लहान तुकड्यात जास्तीत जास्त n/2 बिंदू असते आणि तिथली डिग्री n/2 - 1 च्या वर गेलीच नसती. म्हणून ग्राफ अखंड आहे. मग चक्राबाहेर एखादा बिंदू उरला असेल तर बाहेरचा कोणी तरी चक्रातल्या कुणाला तरी जोडलेला असणार. त्याच्यापासून सुरुवात करून चक्रात शिरा आणि पूर्ण फेरी मारा, आधीपेक्षा लांब मार्ग मिळतो. पण आपला मार्ग तर सगळ्यात लांब होता! म्हणजे बाहेर कोणी नाहीच.

आता तुमचे ७ बिंदू आणि डिग्री ३. अ, ब, क, म हे चौघं सगळे एकमेकांना जोडा; म, ड, इ, फ हे चौघंही तसेच. म दोन्हीकडे सामाईक. प्रत्येकाची डिग्री ३, फक्त म ची ६. ग्राफ अखंड आहे, सगळ्या बिंदूंतून जाणारा मार्गही आहे: अ–ब–क–म–ड–इ–फ. पण चक्र नाही, कारण एका बाजूकडून दुसरीकडे जाऊन परत यायला म मधून दोनदा जावं लागतं. खुणा करून बघा: लाल अब, बक, कम वर, निळ्या मड, डइ, इफ वर. ६ कडा, ६ खुणा, प्रत्येक कडेवर बरोबर एक. एक खूण वाढली असती तर टक्कर झालीच असती. n विषम असताना n/2 चा अपूर्णांक खाली सोडून चालत नाही, तो वर घ्यावा लागतो, याचं कारण हे चित्र. n सम असताना डिग्री n/2 - 1 वर आली तर अवस्था याहून वाईट: दोन वेगळे, आतून पूर्ण जोडलेले गट घेतले की ग्राफच तुटका.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडला. खुणांच्या हिशेबात प्रत्येक डिग्री स्वतंत्रपणे लागली नाही, टोकांच्या डिग्रींची बेरीज n भरली एवढंच लागलं. आणि टोकं जोडलेली असतील तर खुणांची गरजच नाही. म्हणून १९५२ च्या डिराकच्या निकालानंतर १९६० मध्ये ओरे यांनी अट सैल केली: एकमेकांना न जोडलेल्या प्रत्येक जोडीच्या डिग्रींची बेरीज किमान n असली की पुरे.

बाँडी आणि ख्वाताल याहून पुढे गेले. समजा u आणि v जोडलेले नाहीत आणि त्यांची बेरीज किमान n आहे. uv ही कड खुशाल घाला. घातल्यावर चक्र मिळालं आणि त्यात uv असली, तर ती काढून टाका. उरतो u पासून v पर्यंत सगळ्या बिंदूंतून जाणारा मार्ग. त्यावर लाल-निळ्या खुणा करा, मूळ ग्राफमध्येच चक्र सापडतं. म्हणजे अशी कड घातल्याने चक्र असण्या-नसण्यात फरक पडत नाही. मग घालतच राहा.

उदाहरण: ६ बिंदू, कडा अब, अक, बड, बइ, बफ, कइ, कफ, डइ, डफ. अ ची डिग्री २, म्हणून डिराक गेला. अ आणि ड ची बेरीज ५, म्हणून ओरेही गेला. पण ब–क ची बेरीज ७, क–ड ची ६, इ–फ ची ६. या तीन कडा घाला. आता ड, इ, फ प्रत्येकी ४ वर पोचले, म्हणून अ सोबतची प्रत्येकाची बेरीज ६ झाली. त्याही तीन घाला, ग्राफ पूर्ण झाला. पूर्ण ग्राफमध्ये चक्र असतंच, म्हणून मूळ ग्राफमध्येही आहे: अ–ब–इ–ड–फ–क–अ. एका कमकुवत बिंदूला बाकीच्यांनी तारून नेलं.

मात्र कडा घालणं मध्येच अडलं तर त्यावरून "चक्र नाही" असा निष्कर्ष काढू नका. ७ बिंदूंची नुसती साखळी गोल जोडली तर सगळ्या डिग्री २, कुठलीही बेरीज ४ च्या वर जात नाही, एकही कड घालता येत नाही, आणि तो ग्राफ स्वतःच हॅमिल्टन चक्र आहे.