मंदावतोय म्हणून उणे? थांब जरा

तुझ्या गणितात पंखा मिनिटाला 300 फेरे घेतोय, घड्याळाच्या दिशेने, आणि 20 सेकंदांत थांबतो; तोवर किती फेरे होतात ते काढायचंय. आधी 300 ला 2π ने गुणून 60 ने भाग: 31.4 रेडियन प्रति सेकंद. घड्याळाच्या उलट दिशा धन धरलीस, म्हणजे सुरुवातीचा कोनीय वेग ω₀ = −31.4.

चूक पुढे झाली. "वेग कमी होतोय, म्हणून कोनीय त्वरण α ऋण" असं तू लिहिलंस. इथे ω −31.4 वरून शून्यावर येतो, त्यामुळे α = +1.57. ω आणि α ची चिन्हं विरुद्ध असली की वस्तू मंदावते, एवढंच. फिरलेल्या कोनाच्या θ = ω₀t + ½αt² या समीकरणात घातलं की −314 रेडियन, म्हणजे 50 फेरे. तुझ्या चिन्हाने 150 आले होते. सरासरी वेग मिनिटाला 150 फेरे, वेळ एक तृतीयांश मिनिट. 150 येतीलच कसे?

हे समीकरण अंशांतही चालतं, सगळंच अंशांत असेल तर. टोकाच्या वेगाचं v = rω मात्र फक्त रेडियनमध्ये. 0.6 मीटरच्या पात्याचं टोक सेकंदाला 18.8 मीटर जातं. थेट 300 घातलेस तर 180, म्हणजे विमानच!

आणि पंखा खालून बघतोयस की वरून, तेही लिही. दिशा उलटते.