माऊस हलवला की एफपीएस पडतो: जुन्या पीसीवर पोलिंग रेट, डीपीआय आणि एलओडी कसं बसवायचं

प्रश्न: भाऊ, माझा सेकंडहॅन्ड पीसी आहे, आय३ चौथ्या जनरेशनचा, ७५ हर्ट्झचा मॉनिटर. आता पैसे जमवून ८००० हर्ट्झवाला माऊस घेतला. व्हॅलोरंटमध्ये नुसता उभा राहिलो तर १४० एफपीएस, माऊस जोरात फिरवला की सरळ ९० वर. नेम पण बसून नाही राहिला, माऊस उचलून ठेवला की क्रॉसहेअर सरकते. पोलिंग रेट, डीपीआय, एलओडी काय ठेवू? गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे, इथं दाखवायला कोणी नाही.

उत्तर:

भाऊ, माऊस खराब नाही तुझा, परत करायच्या भानगडीत पडू नको. सगळ्यात आधी पोलिंग रेट १००० कर, बाकीचं त्यानंतर पाहू. पण काऊन ते समजून घे, म्हणजे उद्या प्रोसेसर बदलला तर तुझं तूच ठरवशील.

पोलिंग रेट म्हणजे पीसी एका सेकंदात माऊसला किती वेळा विचारते की बाबा तू किती सरकला. १००० ला दर १ मिलीसेकंदाला, ८००० ला दर ०.१२५ मिलीसेकंदाला. आता खरी गोष्ट अशी की माऊस जागेवर शांत असला तर तो काही डेटा पाठवतच नाही, म्हणून उभं राहून तुला १४० दिसते. हलवला की प्रत्येक रिपोर्टसाठी प्रोसेसरला हातातलं काम सोडून तिकडे पाहावं लागते, ड्रायव्हर चालते, विंडोज तो मेसेज गेमकडे देते, गेम तो वाचते, आणि मागे डिस्कॉर्ड, ओव्हरले, माऊसचं सॉफ्टवेअर असं अजून कोणी माऊस ऐकत बसलं असलं तर त्यांनाही तो मेसेज जाते. तुझ्या आय३ मध्ये खरे कोर दोनच, आणि हा गेम ग्राफिक कार्डापेक्षा प्रोसेसरवरच जास्त अवलंबून. सेकंदाला आठ हजार वेळा कोणी दार वाजवलं तर घरातलं काम कसं होईल, तसं झालं हे.

आता फायदा-तोटा तुझ्याच आकड्यांवरून पाहू. १४० एफपीएस म्हणजे एक फ्रेम ७.१ मिलीसेकंदात तयार होते. ९० म्हणजे ११.१ मिलीसेकंदात. म्हणजे ज्या क्षणी तू निशाणा फिरवून राहिला, नेमका त्याच क्षणी प्रत्येक फ्रेम ४ मिलीसेकंद उशिरा. आणि ८००० ने मिळालं काय? पोलिंगमुळे होणारा उशीर सरासरी मध्यांतराच्या अर्धा धरतात, तर १००० ला ०.५ आणि ८००० ला ०.०६. वाचले जेमतेम ०.४४ मिलीसेकंद. अर्धा मिलीसेकंद कमवायला चार घालवले. त्यात तुझा मॉनिटर ७५ चा, तो नवीन चित्रच दर १३.३ मिलीसेकंदाला दाखवते. जुन्या साध्या माऊसचं १२५ हर्ट्झ सोडून १००० वर यायचा फायदा मात्र खरा आहे, तिथं सरासरी ४ मिलीसेकंदाचा उशीर अर्ध्या मिलीसेकंदावर येते, तो हाताला जाणवते पण.

टेस्ट अशी कर. गेममध्ये व्हिडिओच्या सेटिंगमध्ये स्टॅट्समधून `Client FPS` चा ग्राफ चालू कर. प्रॅक्टिस रेंजमध्ये जा, एका भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ काहीच करू नको, मग तिथंच माऊस जोरात गोल गोल फिरव. आकड्यापेक्षा ग्राफ पाहा, फिरवताना रेघ खाली बसली किंवा दातरं पडले तर प्रोसेसरला झेपून नाही राहिलं. भिंत तीच ठेव बरं, नाहीतर देखावा बदलल्यामुळे एफपीएस पडला की माऊसमुळे, हे कळणार नाही. १००० वर रेघ सपाट राहिली तर काम झालं. तरी दातरं आले तर ५०० कर, दोन मिलीसेकंदाचं मध्यांतर आहे ते, त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. आणि जनरल सेटिंगमध्ये माऊसच्या भागात `Raw Input Buffer` आहे ते ऑन करून हीच टेस्ट परत घे, त्यात गेम एकेक रिपोर्ट न घेता गठ्ठ्यानं वाचते, जास्त पोलिंगवाल्या माऊससाठीच दिलं आहे ते. तुझ्या प्रोसेसरवर त्यानं ८००० झेपेल असं मी नाही म्हणणार, पण १००० वर जे थोडेफार दातरं असतील ते कमी होऊ शकतात.

एक गोष्ट आपल्या इकडची. ही टेस्ट सकाळच्या गारव्यात घेऊन समाधान मानू नको. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस डिग्री असते तेव्हा जुना प्रोसेसर, पंख्यात धूळ, सुकलेली पेस्ट, असं सगळं असलं की तो स्वतःच स्पीड कमी करते, मग सकाळी झेपलेलं दुपारी नाही झेपत. दुपारी घेतलेली टेस्टच खरी मान. आणि रिसीव्हर किंवा केबल कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लाव, स्वस्तातल्या हबला नको.

आता डीपीआय. इथं लोक सरळ मोठा आकडा लावून मोकळे होतात. डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकला तर सेन्सर किती पावलं मोजते. ८०० डीपीआयवर एक इंचाला ८०० पावलं. आता हे पोलिंगशी कसं जुळते ते पाहा, कारण हेच कोणी सांगत नाही: डोक्यावर नेम बारीक सरकवताना तुझा हात सेकंदाला एक इंच पण सरकत नाही. म्हणजे त्या सेकंदात ८०० च्या वर पावलं तयारच होत नाहीत, आणि नवीन पाऊलच नसलं तर रिपोर्टमध्ये पाठवायचं काय? म्हणून बारीक नेमाच्या वेळी ८००० हर्ट्झ असून नसल्यासारखं. ८०० डीपीआयवर आठही हजार रिपोर्ट भरायचे तर हात सेकंदाला दहा इंच पाहिजे, तो झटका मारतानाच होते, आणि नेमका तेव्हाच तुझा एफपीएस पडते.

उलट्या बाजूनं, डीपीआय वाढवला की हळू हलवतानाही जास्त रिपोर्ट भरतात, म्हणजे प्रोसेसरचं काम थोडं वाढते. १००० हर्ट्झवर हे काही मोठं ओझं नाही. म्हणून माझं म्हणणं, ८०० किंवा १६००, यातलं एक पकड आणि नंतर हात लावू नको. १६०० चा फायदा इतकाच की पहिलं पाऊल लवकर मोजलं जाते, ८०० वर माऊस ०.०३२ मिलिमीटर सरकावा लागते, १६०० वर त्याच्या अर्धा. खोक्यावर छापलेले वीस-पंचवीस हजार डीपीआय विसरून जा, तितक्यात हाताचा थरथराटही मोजला जाते.

पण डीपीआय बदलला की गेममधली सेन्सिटिव्हिटी त्याच प्रमाणात बदलावी लागते, नाहीतर हाताची सवय मोडते. व्हॅलोरंटमध्ये सेन्सिटिव्हिटी १ वर एका पावलाला ०.०७ अंश फिरते, त्यावरून पूर्ण गोल फिरायला माऊस किती सेंटिमीटर सरकवायचा ते निघते:

```
cm/360 = 360 ÷ (0.07 × sens × DPI) × 2.54
```

समज तू ८०० डीपीआय आणि ०.३५ वर खेळते. ०.०७ गुणिले ०.३५ गुणिले ८०० म्हणजे १९.६, ३६० भागिले १९.६ म्हणजे १८.४ इंच, जवळपास ४६.७ सेंटिमीटर. १६०० डीपीआयवर गेला तर ०.१७५ कर, तेच ४६.७ येईल, नेम जसाचा तसा. तुझा नेम बसून नाही राहिला त्याचं एक कारण हे पण असेल, नवीन माऊस भलत्याच डीपीआयवर सेट होऊन आला असेल आणि सेन्सिटिव्हिटी तू जुनीच ठेवली. जुन्या माऊसचा डीपीआय माहीत असला तर त्याचा सेंटिमीटर काढ आणि नव्याचा त्याला जुळव. विंडोजमधलं `Enhance pointer precision` पण बंद करून टाक. हा गेम माऊसचा डेटा सरळ घेते म्हणून आत फरक नाही पडत, पण दुसऱ्या काही गेममध्ये पडते, आणि डेस्कटॉपवर हाताला वेगळी सवय कशाला.

आता ते उचलल्यावर सरकणं. ४६ सेंटिमीटरला गोल म्हणजे लहान पॅडवर तुला माऊस दर थोड्या वेळानं उचलून मागे ठेवावाच लागणार. उचलताना सेन्सर जेवढ्या उंचीपर्यंत खालचं कापड पाहत राहते, ती उंची म्हणजे एलओडी. जास्त असली की हवेतल्या हालचालीनंही क्रॉसहेअर सरकते. मोजायला जुनी एटीएम कार्डं घे, त्यांची जाडी ठरलेली आहे, ०.७६ मिलिमीटर. माऊसच्या पुढच्या पायांखाली एक, मागच्या पायांखाली एक, मधात सेन्सरची जागा मोकळी पाहिजे, आणि कार्डं न हलवता त्यावर माऊस सरकव. कर्सर हलते? मग दोन-दोन कार्डं ठेव, म्हणजे १.५२. एकावर हलते आणि दोनवर थांबते, तर बरोबर आहे. तीनवरही हलून राहिलं तर माऊसच्या सॉफ्टवेअरमध्ये एलओडी लो किंवा १ मिलिमीटर कर. हे तुझ्याच पॅडवर मोजायचं, कारण पृष्ठभाग बदलला की एलओडी बदलते.

सगळ्यात कमी एलओडी सगळ्यांना चालत नाही बरं. पॅड फुगलेलं, कोपरे वर आलेले, खाली टेबल वाकडं असं असलं तर फिरवता फिरवताच सेन्सरचा संपर्क तुटते आणि क्रॉसहेअर मधातच अडकते. तसं झालं तर एक पायरी वर घे, किंवा आधी पॅडखाली सपाट प्लायवूड टाक. माऊसच्या पायांना मळ चिकटला असला तर माऊसच उचलला जाते, तेही पाहा.

आणि माऊस उलटा करून सेन्सरच्या भोकात पाहा. आपल्याकडे दिवाळीनंतर कापूस घरातच भरून ठेवलेला असते, त्याचे तंतू हवेत असतात आणि एखादा तिथं जाऊन बसला की सेन्सरला तो हलताना दिसते. मग हात न लावताही कर्सर थरथरते, आणि थरथरते म्हणजे रिपोर्ट चालूच, म्हणजे एफपीएस पण खाते. रबरी फुग्यानं हवा मारून काढ, कापसाची काडी घालू नको, ती अजून तंतू सोडते.

सगळं बसलं की सेटिंग माऊसच्या ऑनबोर्ड मेमरीत सेव्ह कर, मग सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून माऊस काढून परत लाव आणि कर्सरचा वेग तोच आहे का पाहा. असला तर सॉफ्टवेअर स्टार्टअपमधून काढून टाक, आणि सॉफ्टवेअर बंद असतानाच ती भिंतीसमोरची टेस्ट एकदा परत घे. ५०० वर सुद्धा रेघ सपाट झाली नाही तर टास्क मॅनेजरमध्ये गेम सोडून अजून काय चालू आहे त्याचा फोटो टाक, मग दोष माऊसचा नाही, तिथं शोधू.